मोतीबिंदूची महागडी लेन्स आणि वरचे पैसे

मोतीबिंदूची तपासणी संपली, डॉक्टरांनी ऑपरेशन करायला सांगितले, की खाजगी दवाखान्यात पेशंटला आणि त्याच्या मुलाला एका टेबलापाशी बसवले जाते. तिथे लेन्सचा दरतक्ता असतो. पहिल्या ओळीला साधी लेन्स, शेवटच्या ओळीला सगळ्यात महाग, आणि दोन्हींच्या किमतीत कधी दुपटीचा तर कधी तिपटीचा फरक. मुलगा पुण्याहून सुट्टी काढून आलेला असतो. वडिलांच्या डोळ्यांच्या बाबतीत कंजूषपणा केला असे त्याला वाटून घ्यायचे नसते. वडिलांना मुलाचा खर्च वाढवायचा नसतो. दहा मिनिटांत निर्णय होतो आणि तो बहुतेक वेळा त्या दोघांच्या संकोचावर होतो, डोळ्यावर होत नाही.

हा लेख परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड, पाथरीकडच्या अशा घरांसाठी आहे. दोन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत. महाग लेन्समध्ये जास्तीचे नेमके काय मिळते, आणि ते जास्तीचे पैसे सरकार, विमा कंपनी की तुम्ही, कोण भरते.

जास्तीचे पैसे कशाचे?

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले नैसर्गिक भिंग गढूळ होणे. ऑपरेशनमध्ये ते गढूळ भिंग काढून त्याच्या जागी कृत्रिम भिंग, म्हणजे लेन्स बसवतात. अशी पहिली लेन्स लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ साली बसवली. आपल्याकडे ती बरीच वर्षे परदेशातून यायची आणि गरिबाला परवडायची नाही. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी जोडलेल्या ऑरोलॅबने १९९२ पासून ती देशात बनवायला घेतली आणि किंमत कोसळली. आज सरकारी दवाखान्यात मोफत लेन्स मिळते त्यामागे हा इतिहास आहे.

साधी लेन्स म्हणजे एकाच अंतरावर स्पष्ट दाखवणारी लेन्स. तक्त्यात तिला मोनोफोकल म्हणतात. तिचा नंबर सहसा लांबचे स्पष्ट दिसेल असा काढतात. मग शेत, रस्ता, समोरून येणारा माणूस, एसटीची पाटी बिनचष्म्याची दिसते. पोथी, पंचांग, मोबाइल, सुईत दोरा ओवणे यासाठी साधारण अडीच नंबरचा वाचायचा चष्मा लागतो.

मल्टिफोकल किंवा ट्रायफोकल लेन्स डोळ्यात येणारा प्रकाश दोन-तीन अंतरांसाठी वाटून देते. त्यामुळे लांबचे, हाताच्या अंतरावरचे आणि वाचायचे असे तिन्ही बऱ्याच अंशी चष्म्याविना दिसते. इडॉफ नावाची लेन्स यांच्या मधली आहे. लांबचे आणि हातभर अंतरावरचे ती चांगले दाखवते, बारीक अक्षराला कधी कधी चष्मा लागतो.

इथे एक गोष्ट अगदी ठामपणे सांगायला हवी, कारण तक्ता ती सांगत नाही. जास्तीचे पैसे चष्मा सुटण्याचे आहेत, जास्त चांगली नजर मिळण्याचे नाहीत. पडदा निरोगी असेल तर साध्या लेन्सने लांबचे तेवढेच स्वच्छ दिसते. उलट प्रकाश वाटला गेल्यामुळे मल्टिफोकलमध्ये अंधूक उजेडात रंगछटांमधला फरक थोडा कमी कळतो आणि रात्री दिव्याभोवती कडी किंवा किरणे दिसतात. मेंदूला याची सवय व्हायला काही महिने जातात. बहुतेकांना ती होते, काहींना कधीच होत नाही. जिंतूर रोडला रात्री मोटरसायकल चालवणाऱ्या किंवा ट्रकवर असणाऱ्या माणसाने समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती कडे दिसणार आहे हे आधी माहीत करून घेतलेच पाहिजे.

काही डोळ्यांना मल्टिफोकल बसवूच नये. मधुमेहामुळे पडद्याला सूज किंवा रक्तस्राव झालेला असेल, काचबिंदू असेल, पडद्याचा मधला भाग झिजलेला असेल, बुबुळावर फूल पडले असेल, तर त्या डोळ्यात आधीच प्रकाशाचा पुरेसा उपयोग होत नाही. तो आणखी वाटून दिला तर नजर आणखी फिकी होते. म्हणून साखर असलेल्या प्रत्येकाने महाग लेन्स ठरवण्याआधी पडद्याची ओसीटी तपासणी झाली आहे का, हे विचारावे. मोतीबिंदू फार पिकलेला असेल तर आतला पडदा दिसतच नाही. अशा वेळी पडद्याची खात्री नसताना मल्टिफोकलचे पैसे भरणे मला पटत नाही. साधी लेन्स तिथे सुरक्षित आहे.

‘घडीची लेन्स’ आणि ‘फॉरेन लेन्स’ हे वेगळे मुद्दे आहेत आणि ते या गोंधळात मिसळतात. घडी होणारी लेन्स अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून आत जाते, न घडणारी लेन्स मोठ्या छेदातून. एवढ्याने ती मल्टिफोकल होत नाही. साधी, एकाच अंतराची लेन्सही घडीची असते. परदेशी शिक्का असला म्हणून चष्मा सुटत नाही. तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: ही एका अंतराची आहे की जास्त अंतरांची? त्या उत्तरावर किमतीचा मोठा भाग ठरतो.

पैसे न वाढवता निवडता येणारी गोष्ट

साध्या लेन्समध्येही एक निवड असते आणि ती फुकट असते. लेन्स तीच, तिचा नंबर वेगळा काढता येतो. आयुष्यभर उणे नंबरचा चष्मा लावून, वाचताना मात्र चष्मा काढून ठेवणारी माणसे पुष्कळ आहेत. निवृत्त शिक्षक, शिवणकाम करणाऱ्या बायका, रोज हरिपाठ वाचणाऱ्या आजी. यांना लांबचा नंबर काढून लेन्स बसवली, तर ऑपरेशननंतर त्यांना आपली जवळची नजर गेल्यासारखी वाटते आणि ती नाराज होतात. ऑपरेशन उत्तम झालेले असते. त्यांना काय हवे ते आधी कोणी विचारलेले नसते. अशांसाठी लेन्स जवळच्या अंतराची, म्हणजे साधारण उणे दोन ते अडीचची ठेवता येते. मग वाचन बिनचष्म्याचे आणि लांबचा चष्मा.

दुसरा मार्ग दोन डोळे थोडे वेगळे ठेवण्याचा. जास्त वापरला जाणारा डोळा लांबसाठी आणि दुसरा साधारण उणे सव्वाच्या आसपास. ताटातले, भाजीचा भाव, मोबाइलवरचे मोठे अक्षर यांना मग चष्मा लागत नाही. सगळ्यांना हे जमत नाही, म्हणून चाचणीच्या चष्म्यात हा फरक घालून पाहावा लागतो. मोतीबिंदू दाट असेल तर ही चाचणी नीट होत नाही, पण पहिल्या डोळ्याचे ऑपरेशन झाल्यावर दुसऱ्याचा नंबर ठरवताना विचार करता येतो.

‘मला दिवसभर काय पाहावे लागते’ हे डॉक्टरांना दोन वाक्यांत सांगितले तर कित्येकांची गरज इथेच भागते. कापूस वेचणाऱ्या बाईचे काम हातभर अंतरावर असते, दुकानदाराचे वही आणि गिऱ्हाईक या दोन अंतरांवर, ट्रॅक्टर चालवणाऱ्याचे लांब.

टोरिकचे गणित वेगळे

तक्त्यात टोरिक नावाची एक ओळ असते. तीही महाग गटात असते, पण तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले पाहिजे. काहींचे बुबुळ गोल नसते, एका दिशेने जास्त वाकलेले असते. त्याने चष्म्यात ‘सिलिंडर’ नंबर येतो. हा दोष बुबुळाचा असल्यामुळे मोतीबिंदू काढला तरी तो राहतो. अशा डोळ्यात साधी लेन्स बसवली तर लांबचेही चष्म्याशिवाय धुरकट दिसते. टोरिक लेन्स हा दोष आतून भरून काढते.

तुम्हाला ती लागते का, हे तुमच्याच कागदावर असते. लेन्सचा नंबर काढताना बुबुळाची वक्रता मोजतात. कागदावर के-१ आणि के-२ असे दोन आकडे येतात. त्यातला फरक पाहा. ४३.२५ आणि ४५.५० असतील तर फरक सव्वादोन, म्हणजे टोरिकचा विचार रास्त. ४४.०० आणि ४४.५० असतील तर फरक अर्धा, आणि टोरिकवर पैसे घालण्याचे कारण नाही. साधारण एकच्या वर फरक असेल तर डॉक्टर टोरिकबद्दल बोलतात. जुन्या चष्म्याचा सिलिंडर नंबर यासाठी पुरेसा नाही, कारण त्याचा काही भाग मोतीबिंदू झालेल्या भिंगातूनही आलेला असू शकतो आणि ते भिंग तर निघणारच आहे.

टोरिक लेन्स ठरलेल्या कोनातच बसावी लागते. ती एक अंश फिरली की तिचा साधारण तीन टक्के उपयोग जातो. दहा अंश फिरली तर एक तृतीयांश, तीस अंश फिरली तर जवळजवळ सगळा. ऑपरेशननंतर पहिल्या काही दिवसांत नजर अचानक पुन्हा धुरकट झाली तर लेन्स फिरली असण्याची शक्यता तपासायला सांगा. लवकर कळले तर ती पुन्हा जागेवर फिरवता येते. टोरिक घेतल्यावरही वाचायचा चष्मा लागतोच, हे लक्षात ठेवा.

हे एवढ्या खोलात सांगण्याचे कारण पैशाशी जोडलेले आहे. विमा कंपनीसमोर टोरिकची गरज आकड्यांनी दाखवता येते, कारण तिथे बुबुळाचा मोजता येणारा दोष आहे. मल्टिफोकलची गरज तशी दाखवणे अवघड जाते, कारण तिथे पर्याय साधा वाचायचा चष्मा असतो.

सरकार काय भरते

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. त्यातून सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूचे ऑपरेशन लेन्ससह मोफत होते. परभणीच्या जिल्हा रुग्णालयातही आणि संस्थांच्या शिबिरांतूनही मिळणारी लेन्स साधी, एका अंतराची असते. तिथे ‘वरचे पैसे देतो, ट्रायफोकल बसवा’ असा मार्ग नसतो आणि कोणी तो बाजूने सुचवला तर पैसे देऊ नका.

परभणीची बरीच माणसे रेल्वेने जालन्याला श्री गणपती नेत्रालयात किंवा उदगीरच्या लायन्स नेत्र रुग्णालयात जातात. अशा धर्मादाय रुग्णालयांत मोफत आणि पैसे भरून असे दोन्ही विभाग असतात. पैसे भरायच्या विभागात गेलात की लेन्सचा फरक तुमचा. मात्र महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खालील योजनेत धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. पैशांची बोलणी सुरू होण्याआधी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा पिवळे-केशरी रेशनकार्ड पुढे करा. बिल झाल्यावर दाखला काढून काही उपयोग होत नाही.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता राज्यात एकत्र चालतात आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. पण योजनेत ठरावीक ऑपरेशनांची यादी असते आणि रुग्णालयही त्या विशिष्ट ऑपरेशनसाठी यादीत असावे लागते. म्हणून ‘कार्ड चालते का’ असे मोघम विचारू नका. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा: मोतीबिंदूचे ऑपरेशन इथे योजनेतून होते का, कोणत्या लेन्सने होते, आणि माझी नोंदणी झाली का. योजनेतून झालेला उपचार रोखरहित असतो. योजनेत नाव घालून वर ‘चांगल्या लेन्सचे’ म्हणून रोख पैसे मागितले तर आरोग्यमित्राकडे आणि १५५३८८ या क्रमांकावर तक्रार करा.

अमेरिकेत हा प्रश्न सरकारने उघडपणे सोडवला. तिथल्या ज्येष्ठांच्या मेडिकेअर योजनेने मे २००५ मध्ये ठरवले, की साध्या लेन्सइतकी रक्कम योजना देईल, चष्मा सोडवणाऱ्या लेन्सचा फरक रुग्ण स्वतः भरेल. २००७ मध्ये टोरिकलाही हाच नियम लावला. रुग्णाला आपला वाटा आधी कळतो. असा स्पष्ट नियम आपल्या योजनांत आला तर मधल्या मध्ये होणारी देवघेव थांबेल असे मला वाटते.

विमा कंपनी काय भरते: एक हिशोब

पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरला नोकरी करणारी मुले आईवडिलांचा विमा काढतात. पण ‘तीन लाखांचा विमा आहे’ म्हणजे मोतीबिंदूला तीन लाख मिळतात असे नाही. बहुतेक पॉलिसींमध्ये मोतीबिंदूला वेगळी मर्यादा असते आणि पॉलिसी घेतल्यावर साधारण दोन वर्षे थांबावे लागते.

आरोग्य संजीवनी ही विमा नियामकाने २०२० पासून सर्व कंपन्यांना द्यायला लावलेली प्रमाणित पॉलिसी घेऊ. तिच्या अटी सगळीकडे सारख्या असल्यामुळे हिशोब समजायला सोपा आहे. मोतीबिंदूसाठी प्रत्येक डोळ्याला, एका पॉलिसी वर्षात, विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४० हजार रुपये, यातली कमी असेल ती रक्कम. त्यावर प्रत्येक दाव्यात ५ टक्के वाटा विमाधारकाचा. आणि मोतीबिंदूसाठी २४ महिन्यांची प्रतीक्षा.

आता समजा मानवतकडचे एक गृहस्थ आहेत, मुलाने त्यांची ३ लाखांची आरोग्य संजीवनी तीन वर्षांपूर्वी काढलेली आहे. दवाखान्याने एका डोळ्याचे पॅकेज घडीच्या साध्या लेन्ससाठी ३२ हजार आणि ट्रायफोकलसाठी ७८ हजार सांगितले. हे आकडे हिशोबासाठी धरलेले आहेत, तुमच्या दवाखान्याचे आकडे तिथे घाला.

तीन लाखांचे २५ टक्के म्हणजे ७५ हजार, पण मर्यादा ४० हजारांची. साधी लेन्स घेतली तर ३२ हजार मर्यादेत बसतात. पाच टक्के म्हणजे १,६०० रुपये घरचे, ३०,४०० कंपनीचे. ट्रायफोकल घेतली तर कंपनी ४० हजारच मानते, त्यातले पाच टक्के वजा करून ३८ हजार देते. उरलेले ४० हजार घरचे. दोन्ही पॅकेजमध्ये फरक ४६ हजारांचा होता. त्यातले ३८,४०० या कुटुंबाने भरले, कंपनीने ७,६००. दोन्ही डोळ्यांना मिळून कुटुंबाचा जास्तीचा खर्च ७६,८०० रुपये.

तीच पॉलिसी १ लाखाची असती तर? मर्यादा २५ हजार, कंपनीकडून २३,७५०. साधी लेन्स घेतली तरी ८,२५० घरचे, ट्रायफोकलला ५४,२५०. म्हणजे फरकाचे ४६ हजार पूर्ण घरचे. साध्या लेन्सचे पॅकेजच जर तुमच्या मर्यादेच्या वर असेल, तर महाग लेन्सचा एकही रुपया विम्यातून येत नाही, दवाखान्यात कोणी काही सांगितले तरी. हे एक वाक्य मुलाने दवाखान्यात जाण्याआधी पॉलिसी उघडून पडताळून घ्यावे.

टोरिकचे पॅकेज ५० हजार धरले तर ३ लाखांच्या पॉलिसीत घरचा वाटा १२ हजार होतो. बुबुळाचा फरक सव्वादोन असेल तर हे पैसे घालावेत असे मी म्हणेन. त्याच घराने ट्रायफोकलसाठी ४० हजार घालावेत का, हे त्यांनी चष्म्याचा किती जाच होतो यावर ठरवावे. चारशे रुपयांच्या वाचायच्या चष्म्याने ज्यांचे भागते, त्यांनी कोणाच्याही भिडेखातर कर्ज काढू नये.

काही पॉलिसींमध्ये मोतीबिंदूला वेगळी मर्यादा नसते. तिथे वाद वेगळा होतो. कंपनी मल्टिफोकल किंवा टोरिकची रक्कम कापते आणि दोनपैकी एक कारण देते. पहिले कारण ‘वाजवी आणि रूढ खर्चाच्या वर’. दुसरे कारण चष्म्याच्या नंबरच्या उपचाराचे. साडेसातपेक्षा कमी नंबर घालवण्याचा खर्च बहुतेक आरोग्य पॉलिसींतून वगळलेला असतो आणि महाग लेन्स म्हणजे नंबर घालवणे, असा अर्थ कंपनी लावते.

दुसऱ्या कारणाला उत्तर आहे. ऑपरेशन नंबरसाठी झालेले नाही, गढूळ भिंग काढण्यासाठी झालेले आहे, आणि काढलेल्या भिंगाच्या जागी लेन्स बसवणे हा त्याच ऑपरेशनचा भाग आहे. त्यामुळे निदान साध्या लेन्सचा खर्च कंपनी नाकारू शकत नाही. वरच्या फरकासाठी डॉक्टरांचे पत्र लागते: बुबुळाचे आकडे, ही लेन्स का निवडली, साध्या लेन्सने काय राहिले असते. पहिल्या कारणावर कंपनीला लेखी विचारा, पॉलिसीच्या कोणत्या कलमात लेन्सची मर्यादा लिहिलेली आहे आणि रूढ खर्चाचा आकडा कशावरून काढला.

कंपनीच्या तक्रार विभागाने महिनाभरात उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. परभणी जिल्हा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जावे लागते. परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येते. पण पॉलिसीत ४० हजारांची मर्यादा स्पष्ट लिहिलेली असेल आणि तुम्ही ७८ हजारांसाठी भांडणार असाल, तर त्यात वेळ घालवू नका.

दवाखान्यात काय लिहून घ्यायचे

लेन्स हे वैद्यकीय उपकरण आहे आणि तिच्या डब्यावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. हृदयातल्या स्टेंटची आणि गुडघ्याच्या सांध्याची कमाल किंमत सरकारने २०१७ मध्ये बांधून दिली, लेन्सची तशी बांधलेली नाही. कंपनीने छापील किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही, एवढेच बंधन आहे. म्हणून तीच लेन्स दोन दवाखान्यांच्या पॅकेजमध्ये वेगवेगळ्या भावाने दिसते.

पॅकेजमध्ये शस्त्रक्रियागृह, डॉक्टरांची फी, औषधे आणि लेन्स एकत्र असतात, त्यामुळे फरक कशाचा ते कळत नाही. अंदाजपत्रक मागताना लेन्सचे नाव, मॉडेल आणि तिची छापील किंमत वेगळी लिहून मागा. साध्या लेन्सच्या पॅकेजशी तुलना करा. पॅकेजमधला फरक लेन्सच्या किमतीतल्या फरकाहून बराच जास्त असेल तर तो कशाचा, हे विचारायला संकोच नको. महाग लेन्सला ओसीटी, बुबुळाचा नकाशा अशा जास्तीच्या तपासण्या खरोखर लागतात. त्या बिलात दिसल्या पाहिजेत आणि त्यांचे अहवाल तुमच्या हातात पडले पाहिजेत.

कॅशलेस असेल तर कंपनीकडून आलेले पूर्वमंजुरीचे पत्र ऑपरेशनच्या आधी पाहा. त्यात मंजूर रक्कम असते. त्याच्या वरचे सगळे तुम्हाला भरायचे आहे, हे त्या क्षणी कळते आणि लेन्स बदलायची तर तीच वेळ आहे. फरकाची रक्कम रोख, बिनपावतीची देऊ नका. एकाच बिलात पूर्ण रक्कम, विम्याने दिलेली रक्कम आणि तुम्ही दिलेली रक्कम आली पाहिजे. दोन तुकड्यांत, वेगवेगळ्या नावांनी केलेले बिल पुढे दाव्यात अडकते.

लेन्सच्या डब्यात चिकटवायची लेबले येतात. त्यावर मॉडेल, नंबर, अनुक्रमांक आणि मुदत असते. एक लेबल डिस्चार्ज कार्डवर चिकटवून घ्या. पैसे ट्रायफोकलचे घेतले आणि लेन्स कोणती बसली, याचा पुरावा हाच. काही वर्षांनी लेन्सच्या मागची पिशवी धूसर होऊन नजर पुन्हा मंद झाली आणि लेझर करायची वेळ आली, तर तेव्हाच्या डॉक्टरांनाही हे लेबल लागते. मल्टिफोकल लेन्स सोसत नसेल तर हा लेझर करण्याआधीच लेन्स बदलण्याबद्दल दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. लेझरने पिशवीला छिद्र पडल्यावर लेन्स बदलणे फार अवघड होते.

दोन्ही डोळ्यांचे ऑपरेशन करायचे असेल तर साधारण काही आठवड्यांचे अंतर ठेवतात. पहिल्या डोळ्याच्या अनुभवावरून दुसऱ्याची लेन्स ठरवण्याची ही संधी आहे, दोन्ही डोळ्यांचे पैसे एकदम आगाऊ भरू नका. पॉलिसीतली मर्यादा प्रत्येक डोळ्याला आहे की वर्षाला मिळून एकच आहे, हेही याच वेळी वाचा. वर्षाला एकच असेल आणि नूतनीकरण दोन महिन्यांवर आले असेल, तर दुसऱ्या डोळ्याची तारीख नूतनीकरणानंतरची घ्या. मोतीबिंदू फार पिकलेला नसेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर एवढ्या थांबण्याने डोळ्याचे नुकसान होत नाही आणि दुसऱ्या डोळ्यासाठी पूर्ण मर्यादा पुन्हा मिळते.